'थांबव' म्हणा, 'जरा कमी कर' म्हणू नका

*आम्ही सहा जण कॉलेजपासूनचे मित्र. दर रविवारी संध्याकाळी पार्क चौकात भेटतो. आमच्यातला 'व' तेलुगू घरातला, पूर्व भागात त्याचे टॉवेलचे माग आहेत. बोलताना तो कधी 'तो चटणी', 'ती डबा' असं म्हणून जातो. 'र' पुण्यात नोकरीला आहे, शनिवार-रविवार घरी येतो. तो 'व'ची हुबेहूब नक्कल करतो आणि आम्ही सगळे हसतो. मागच्या महिन्यात त्याने ती नक्कल रेकॉर्ड करून ग्रुपवरही टाकली. तेव्हापासून 'व' उशिरा येतो, लवकर उठतो, फारसं बोलत नाही. विचारलं तर म्हणतो, 'कारखान्यात काम आहे.' 'र' मनाने वाईट नाही, माझा शाळेपासूनचा मित्र आहे. त्याला दुखावायचं नाही, पण हे थांबायला हवं. ग्रुपवर टाकायला एक मोठा मेसेज लिहून ठेवलाय. पाठवू का?*

*– एक वाचक, सोलापूर*

तो मेसेज पाठवू नका. ग्रुपवर गेला की तो एकट्या 'र'साठी उरत नाही, सहा जणांसमोर त्याच्यावर ठेवलेला आरोप होतो. चार लोक बघत असताना माणूस आधी स्वतःची बाजू सावरतो, ऐकायचं नंतर बघतो. त्यात लिहिलेल्या शब्दांना आवाज नसतो. तुम्ही काळजीने लिहिलेलं वाक्य त्याच्या कानात दरडावल्यासारखं वाजेल. मग कुणी हसरा चेहरा टाकेल, कुणी 'अरे सोडा की' लिहील, आणि 'व' घरी बसून हे सगळं वाचत राहील. नकलेने जेवढं अवघडलं नसेल तेवढं त्याला या चर्चेने अवघडेल. मेसेज पुसून टाका. पण तो लिहिताना मनात जे नीट मांडून झालंय ते वाया जाणार नाही, तेच आता तोंडी सांगायचं आहे.

आधी मात्र 'व'कडे जा. त्याच्या वतीने कुणाशी काही बोलायचं तर ते त्याला माहीत असायला हवं. त्याला 'तुला वाईट वाटतं का रे?' असं विचारू नका. या प्रश्नाला 'छे, कशाला' एवढंच उत्तर मिळतं, कारण 'हो' म्हणणं म्हणजे चिडक्या ठरणं. तुम्हाला जे दिसलं आणि तुम्ही जे करणार आहात, ते सांगा. 'ती नक्कल मला खटकते. मीही हसलो, ते चुकलं. मी 'र'शी एकट्याने बोलणार आहे, मला काय वाटतं ते सांगणार आहे. चालेल ना तुला?' हे कारखान्यात, माग चालू असताना नको, तिथे ओरडून बोलावं लागतं आणि कामगार असतात. फोन केला तरी चालेल. 'व'ने विषय टाळला, 'बरं' एवढंच म्हटलं, तरी ती संमतीच समजा.

तो स्पष्ट 'नको' म्हणाला तर त्याचं ऐका, पण हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. 'व'ला किती लागलं हे सांगण्याचा हक्क त्याचा आहे. तुम्हाला ती नक्कल बघवत नाही हे सांगण्याचा हक्क तुमचा. या दोन्हींतलं फक्त तुमच्या हक्काचं बोला आणि तेवढ्यावर थांबा.

आणखी एक गोष्ट त्याच्याशी तेव्हाच ठरवून घ्या, कारण ती हमखास पुढे येते. 'र' विचारणार, 'त्याने सांगितलं का तुला?' त्या वेळी खोटं बोललात आणि उद्या ते उघडं पडलं, तर दोघांचाही तुमच्यावरचा विश्वास जाईल. 'आमचं बोलणं झालंय, पण हे आधी मला दिसलं, म्हणून मी आलोय,' एवढं सांगितलेलं चालेल का, हे 'व'ला विचारून ठेवा. तो बहुतेक हो म्हणेल, कारण यात तो तक्रार करणारा ठरत नाही.

आता 'र'. तो शनिवारी येतो, तर शनिवारी संध्याकाळीच गाठा. रविवारी चौकात भेटायच्या तासभर आधी बोललात तर तो तोच ताण घेऊन सगळ्यांत येईल आणि तोंड पाडून बसेल. रविवारी रात्री बोललात तर पुढचे पाच दिवस तो पुण्यात एकटाच ते घोळवत बसेल आणि बाकीच्यांना फोन करून 'तुम्हालाही असंच वाटतं का?' विचारत राहील. शनिवारी बोललं की मध्ये एक रात्र जाते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा समोर असता. जागा म्हणाल तर सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालता चालता बोलणं उत्तम. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही आणि मध्येच गप्प राहिलं तरी अवघड होत नाही. हॉटेलात समोरासमोर बसलं की चौकशी चालल्यासारखं वाटतं. दारूच्या बैठकीत हा विषय काढूच नका. रात्री कबूल केलेलं सकाळी दोघांनाही धड आठवत नाही.

सांगायचं कसं, यात बहुतेकांचा एकच घोटाळा होतो. सौम्यपणा वेळेत, जागेत आणि आवाजात ठेवायचा असतो, पण तो मागणीत घातला जातो. 'जरा कमी कर', 'थोडं बघून बोलत जा', 'सगळ्यांचं मन सांभाळ'. यातून 'र'ला काय कळणार? तीनऐवजी दोनदा नक्कल केली तर त्याने कमीच केलं की! मागणी स्पष्ट हवी आणि ती पहिल्या दोन वाक्यांत यायला हवी. साधारण असं बोला:

'एक सांगायचंय, दोनच मिनिटं. 'व'ची नक्कल करतोस ती थांबव. मागच्या रविवारी त्याने चटणीचं सांगितलं तेव्हा केलीस, त्याआधी ग्रुपवर टाकलीस. नक्कल झाली की तो गप्प होतो आणि उठेपर्यंत बोलत नाही, हे मी दोन-तीनदा बघितलंय. मीही हसलो, ते माझं चुकलं. त्याच्या मराठीवर नको. बाकी त्याला हवं तेवढं चिडव, मलाही चिडव.'

या चार ओळींत काय आहे आणि काय नाही, ते बघून ठेवा, म्हणजे ऐन वेळी शब्द बदलले तरी गाभा सुटणार नाही. यात 'तू नेहमी' नाही. 'नेहमी' म्हटलं की तो एक अपवाद काढून दाखवतो, आणि चर्चा त्या अपवादावर जाते. यात 'तुझा स्वभावच तसा' नाही, कारण स्वभाव शनिवारी संध्याकाळी बदलता येत नाही, नक्कल थांबवता येते. 'आम्हा सगळ्यांना वाटतं' हेही नाही. ते खरं असलं तरी त्याला वाटेल की त्याच्या मागे बैठक झाली. सुरुवातीला 'तू किती चांगला आहेस, पण' अशी वेलबुट्टीही नको. ऐकणारा त्या 'पण'चीच वाट बघत असतो आणि आधीचं कौतुक फुकट जातं. शेवटची ओळ मात्र गाळू नका. काय थांबवायचं याच्याबरोबर काय चालू ठेवायचं हेही कळलं नाही, तर 'र' रविवारी हाताची घडी घालून बसेल आणि म्हणेल, 'आता मी तोंडच उघडत नाही बाबा.' तो रुसवा तर असतोच, पण बऱ्याचदा रेघ नेमकी कुठे आहे हेच त्याला ठाऊक नसतं.

त्याची उत्तरं तुम्हाला ऐकवून ठेवतो, ती ठरलेलीच असतात.

'अरे मस्करी होती बे.' होतीच. ती मस्करी नव्हती असं सिद्ध करायला जाऊ नका, त्याच्या हेतूवर वाद घातलात तर तुम्ही हराल. त्याचा हेतू त्यालाच माहीत. 'मस्करीच होती, मला ठाऊक आहे. तरी त्याला लागतं. थांबव,' एवढं पुरे.

'तो पण हसतो की!' हे उत्तर सगळ्यांत वजनदार आहे आणि 'र'ला ते मनापासून खरं वाटत असणार. पाच जण हसत असताना सहावा हसला नाही तर तो 'मनाला लावून घेणारा' ठरतो, म्हणून तो हसतो. ते हसू ओळखायचं कसं? हसून झाल्यावर काय होतं ते बघा. ज्याला मस्करी आवडली तो उलट टोला देतो किंवा आपलं बोलणं तिथूनच पुढे नेतो. ज्याला लागली तो हसतो, खाली बघतो, फोन काढतो, आणि सांगत होता ती गोष्ट अर्धीच राहते. 'र'ला म्हणा, 'उद्या हसण्याकडे बघू नकोस, त्याच्यानंतरच्या दोन मिनिटांकडे बघ.' हे त्याला वादापेक्षा लवकर पटेल, कारण बघायचं त्यालाच आहे. 'तो स्वतःच आधी आपल्या मराठीवर जोक करायचा' असंही तो म्हणेल. स्वतःवर आधी आपणच हसून घेतलं की दुसऱ्याच्या हसण्याची धार कमी होते, म्हणून पुष्कळ लोक तसं करतात. ती इतरांना दिलेली परवानगी नसते.

'मग उशिरा येण्यावरून त्याला चिडवतो ते चालतं, आणि हे का नाही?' हा प्रश्न त्याने विचारला तर आनंद माना, तो विचार करतोय. उत्तर असं की उशिरा येणं 'व' पुढच्या रविवारी बदलू शकतो. बोलण्याची ढब तो तोंड उघडेल तेव्हा सोबत असणारच. एका चुकीवर हसून विषय संपत नाही, प्रत्येक वाक्यापूर्वी त्याला शब्द तपासावा लागतो आणि शेवटी न बोलणं सोपं वाटू लागतं.

इथे भाषेचीही एक गोष्ट आहे, 'र'ला सांगितलीत तर उपयोगी पडेल. तेलुगूत 'तो आला' याला 'वच्चाडु' म्हणतात, पण 'ती आली' आणि 'ते आलं' या दोन्हींना एकच क्रियापद, 'वच्चिंदि'. निर्जीव वस्तूंमध्ये तो-ती असा भेद तिथे नाहीच. मराठीत मात्र तो भात, ती भाकरी, ते वरण. एकाच ताटातल्या तीन पदार्थांना तीन लिंगं, आणि त्याला नियमही धड नाही. आपण ते लहानपणी ऐकून उचललं, घरात तेलुगू बोलणाऱ्याला एकेक शब्द लक्षात ठेवावा लागतो. 'र'ने तेलुगूत दोन वाक्यं बोलून बघितली तर त्याला याचा अंदाज येईल. पण हे व्याख्यानासारखं सांगू नका, चालता चालता एखाद्या वाक्यात येऊ द्या.

तुमच्या मनात आणखी एक युक्तिवाद आला असेल. 'र' पुण्यात राहतो, तिथे त्याच्या 'बे'वर आणि 'लई'वर कुणी ना कुणी हसलं असणारच. तो दाखला जवळचा आहे, म्हणूनच जपून वापरायला हवा. 'तुलाही पुण्यात हसतात ना, मग?' असं म्हटलंत तर तुम्ही त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं, म्हणजे तो 'व'ला जे करतो तेच तुम्ही त्याला केलंत. त्याने स्वतःहून 'यात एवढं काय लागतं?' असं विचारलं तरच, आणि तेही प्रश्न म्हणून: 'ऑफिसात तुझ्या बोलण्यावर कधी कुणी हसलं का रे?' मग गप्प राहा. त्याला आठवेल ते आठवू द्या. उत्तर मागू नका.

तुमचं सांगून झाल्यावर तो गप्प झाला तर ती शांतता भरून काढायची घाई करू नका. इथेच माणसं चुकतात. अवघड वाटलं म्हणून 'जाऊ दे, एवढं काही नाही, मी आपलं सहज म्हटलं' असं बोलून बसतात आणि सगळं सांगितलेलं स्वतःच पुसून टाकतात. त्याने 'बरं' म्हटलं की विषय तिथेच सोडा, दुसरं काही बोला, काठाने आणखी थोडं चाला, चहा घ्या. मैत्री तुटलेली नाही हे त्याला त्या पुढच्या अर्ध्या तासात कळतं, 'मी तुझा मित्र म्हणूनच सांगतोय' या वाक्याने कळत नाही. आणि आपण 'र'शी बोललो हे बाकी तिघांना सांगू नका. तो बदलला तर स्वतःहून बदलला असं दिसण्याची संधी त्याला मिळायला हवी.

ग्रुपवरच्या त्या रेकॉर्डिंगला महिना झालाय. पाठवल्यावर दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ गेला की व्हॉट्सअॅपवर पाठवणाऱ्यालाही ते सगळ्यांच्या फोनमधून काढता येत नाही, त्यामुळे 'काढून टाक' म्हणण्यात अर्थ नाही. 'पुन्हा टाकू नकोस, कुणाला पुढे पाठवू नकोस,' एवढंच मागा.

आता रविवारचं. पहिल्या एक-दोन भेटींत 'र' सांभाळेल, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी सवयीने एखादा शब्द निसटेल. ती बेइमानी समजू नका. नुसतं त्याच्याकडे बघा, तो ओळखेल. मला त्याच्यापेक्षा बाकी तिघांची काळजी वाटते. हा विनोद एकट्या 'र'चा राहिलेला नाही, तो तुमच्या कट्ट्याचा झालाय. 'र' थांबला की 'आज नक्कल नाही का?' म्हणून दुसरा कुणी सुरू करेल, आणि तेव्हा 'र'ला एकट्याने गप्प बसणं फार अवघड जाईल. ती सावरायची जबाबदारी तुमची.

तिथे भाषण करायचं नाही. दोनच गोष्टी करायच्या. पहिली, हसायचं नाही, बारीकसुद्धा नाही. दुसरी, 'व'कडे वळून त्याचं तुटलेलं बोलणं पुढे न्यायचं. समजा तो सांगत होता, 'नवीन माग आणलंय, तो मशीन परवा बंद पडला,' आणि कुणीतरी 'तो मशीऽन' करून आवाज काढला. तुम्ही लगेच विचारा, 'हां, मग? बंद कशाने पडलं? तार तुटली का?' नकलेने 'व'च्या हातून बोलायची पाळी काढून घेतली होती, ती तुम्ही त्याला परत दिलीत. प्रश्न कामाचा हवा, ज्याचं उत्तर त्यालाच ठाऊक आहे असा. 'बोल ना, लाजतोस काय' असलं काही म्हणू नका, त्याने सगळे पुन्हा त्याच्याकडेच बघतात. आणि 'तो नाही, ते मशीन' अशी दुरुस्तीही करू नका. त्याने स्वतः विचारलं तर गोष्ट वेगळी.

'र'ने मनावर घेतलं नाही, महिनाभराने तेच चालू राहिलं, तर दुसऱ्यांदा एकट्यात बोला, पण या वेळी आणखी थोडक्यात. 'मी सांगितलं होतं, पुन्हा झालं. आता माझ्यासमोर झालं तर मी तिथेच थांबवीन.' आणि झालं तर खरंच थांबवा, सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात: 'हे नको.' दोन शब्द, आणि लगेच आधीचा विषय. आधी एकट्यात दोनदा सांगून झालेलं असल्यामुळे यात त्याचा अपमान होत नाही, त्याला ठाऊक होतं. तरीही थांबलं नाही, तर 'व'ला रविवारी यायचा आग्रह करू नका. त्याला वेगळं भेटा, कारखान्यात जा, जेवायला घरी बोलवा. 'सगळे मिळून असलो पाहिजे' यासाठी त्याने दर आठवड्याला ते सोसावं, असं कुणीही मागू नये.

मला वाटतं तेवढी वेळ येणार नाही. शाळेपासूनच्या मित्राने एकट्यात गाठून सांगितलेलं बहुतेक माणसं ऐकतात, फक्त ऐकल्याचं लगेच दाखवत नाहीत. उलट 'र'ला पश्चात्ताप झाला तर त्याला आवरावं लागेल. तो म्हणेल, 'मी ग्रुपवर माफी मागतो.' नको म्हणा. ग्रुपवरच्या माफीला 'व'ला सगळ्यांसमोर 'अरे काही नाही रे' म्हणावंच लागतं, म्हणजे पुन्हा तेच खोटं हसू. 'व'ला एकट्याला गाठून एक वाक्य बोलू दे, 'तुझी नक्कल करायचो ते चुकलं माझं, आता नाही करणार.' पुढे 'पण माझ्या मनात तसं नव्हतं' हे शेपूट नको. आणि 'व' काही न बोलता नुसता मान हलवून चहा मागवायला गेला, तर 'र'ने तेवढ्यावर समाधान मानावं.

फरक पडला की नाही हे 'व'ला विचारून कळणार नाही. तो किती वाजता येतो आणि किती वाजता उठतो ते बघा. सांगता सांगता तो पुन्हा 'तो चटणी' म्हणाला, कुणाकडे न बघता पुढे बोलत राहिला आणि गोष्ट शेवटपर्यंत सांगून झाली, तर समजा की कट्टा त्याचाही झाला.